ओपन पोझिशनमधली उंटांची जोडी: कधी जपायची, कधी देऊन टाकायची (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०२३ ला ग्रँड स्विस जिंकला आणि पुढच्या वर्षी टोरांटोला कँडिडेट्स खेळला, तेव्हापासून इकडे क्लासला येणारी पोरं आणि त्यांचे पालक दोघंही जरा खोलातले प्रश्न विचारायला लागलेत. त्यातला एक विषय दर रविवारच्या रॅपिडला दोन राउंडच्या मधे कुणीतरी काढतंच, दोन उंट ठेवायचे की घोड्यासाठी एक द्यायचा. त्यावर जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते इथे एकत्र लिहिलंय. शेजारी पट मांडून वाचलं तर जास्त कळेल, आणि चाली नेहमीच्या नोटेशनमध्येच दिल्यात.

जोडी म्हणजे नक्की काय, आणि ओपन पोझिशन कशाला म्हणायचं?

तुमच्याकडे दोन्ही उंट आहेत आणि समोरच्याकडे एक उंट आणि घोडा किंवा दोन घोडे आहेत, म्हणजे जोडी तुमची. दोघांकडेही दोन-दोन उंट असतील तर जोडी कुणाचीच नाही, म्हणजे त्याचा फायदा कुणालाच नाही. आणि ओपन म्हणजे मधली प्यादी, विशेषतः d आणि e वरची, निघून गेलीयत किंवा अशी आहेत की सहज निघतील, त्यामुळे तिरक्या रेषा मोकळ्या आहेत. फक्त एखादी फाइल मोकळी असली म्हणून पोझिशन उंटांसाठी ओपन होत नाही हे लक्षात ठेवा, कारण फाइल हत्तीला लागते, उंटाला रेषा तिरकी लागते, आणि पुढचा सगळा घोळ इथूनच होतो.

जोडीची किंमत किती धरायची?

लॅरी कॉफमन या अमेरिकन मास्टरने हजारो गेम्स तपासून १९९९ मध्ये मांडलं होतं की जोडी सरासरी अर्ध्या प्याद्याची. आकडा सगळ्यांना पाठ असतो पण त्याच्यासोबतचं म्हणणं कुणी सांगत नाही. पटावर बहुतेक प्यादी असतात तेव्हा किंमत अर्ध्यापेक्षा कमी असते, निम्मी प्यादी गेली की अर्ध्यापेक्षा जास्त होते. आणि समोरच्याकडे तुमच्या उंटावर अदलाबदल करायला घोडा किंवा उंटच उरला नसेल तर अजून वाढते. म्हणजे बाराव्या चालीला जोडी मिळाली म्हणून लगेच काही होत नाही, तिची किंमत पुढे प्यादी कमी होतील तशी वाढत जाते, आणि ज्याने ती दिलीय त्याला तेवढ्या वेळात बदल्यात काहीतरी पक्कं कमवावं लागतं.

घोडा एवढा मागे का पडतो? आणि जोडी मिळाली तर खेळायचं कसं?

मोकळ्या पटावर मधल्या घरातला उंट तेरा घरं बघतो, घोडा जास्तीत जास्त आठ. पण खरी गोष्ट आकड्याची नाही. एकटा उंट फक्त आपल्या रंगाची घरं बघतो, त्यामुळे समोरचा आपला राजा आणि प्यादी दुसऱ्या रंगावर ठेवून निवांत बसू शकतो, आणि दोन उंट असले की लपायला रंगच उरत नाही.

घोड्याला मात्र एक गोष्ट मिळाली की तो कुणालाच ऐकत नाही, ती म्हणजे मधलं असं घर जिथून त्याला प्यादं हाकलू शकत नाही. म्हणून जोडीवाल्याचं काम आधी प्याद्यांनी घोड्याची घरं काढून घेणं. ही पद्धत स्टाइनिट्झने दाखवली, व्हिएन्ना १८७३ ला रोझेन्थालविरुद्ध आणि लंडन १८८३ ला एंग्लिशविरुद्ध. दोन्हीत तो काळ्याकडून खेळतोय, प्यादी एकेक घर पुढे सरकवत घोड्यांना मागे ढकलतोय, आणि घोडे बसायला जागाच नाही अशी वेळ आली की मगच उंट कामाला लागतात. पोरं याच्या उलट करतात, उंट लांबलचक रेषेवर ठेवतात आणि घोडा तिकडे d5 नाहीतर e6 वर जाऊन बसेपर्यंत वाट बघतात.

मग जोडी द्यायची कधी? एका वाक्यात सांगा ना.

एका वाक्यात सांगतो पण ते वाक्य पटावर तपासावं लागेल. अदलाबदल झाल्यावर समोरच्याच्या उरलेल्या उंटांना काम राहणार आहे का, आणि तुम्ही जो उंट दिला त्याच्या रंगाची घरं तुम्ही दुसऱ्या कशाने तरी, म्हणजे प्याद्याने किंवा घोड्याने, सांभाळू शकता का. पहिल्याचं उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचं "हो" असेल तर द्या, अगदी पोझिशन ओपन असली तरी द्या. दोन्ही उत्तरं उलटी असतील तर समोरच्याची डबल प्यादी बघून मोह झाला तरी देऊ नका.

रुय लोपेझ एक्स्चेंजमध्ये पांढरा चौथ्या चालीलाच उंट देतो, ते कसं चालतं?

हेच सगळ्यात चांगलं उदाहरण, कारण इथे पोझिशन ओपन होते तरी देणं बरोबर आहे. 1.e4 e5 2.Nf3 Nc6 3.Bb5 a6 4.Bxc6 dxc6. आधी एक गैरसमज काढून टाकू, इथे e5 चं प्यादं फुकट मिळत नाही. 5.Nxe5 खेळलात की Qd4 येतो, घोडा आणि e4 दोन्हीवर हल्ला, प्यादं परत जातं आणि काळ्याचं छान चाललेलं असतं. प्यादं खरंच धोक्यात येतं ते 5.O-O नंतर, कारण मग Qd4 करून वजिराने e4 घेतलं की Re1 ने वजीरच सापडतो.

मग पांढऱ्याला मिळालं काय? पुढे 5.d4 exd4 6.Qxd4 Qxd4 7.Nxd4 झाल्यावर सगळे मोहरे मनातल्या मनात उचलून ठेवा आणि फक्त प्यादी बघा. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार आणि काळ्याची तीन, त्यामुळे पांढऱ्याला तिथे मोकळं प्यादं काढता येतं. वजिराच्या बाजूला काळ्याची चार आणि पांढऱ्याची तीन, पण काळ्याची c6 आणि c7 एकावर एक, त्यामुळे पांढऱ्याने नीट खेळलं तर काळ्याला तिकडे मोकळं प्यादं काढता येत नाही. नुसती राजा आणि प्यादी उरली तर पांढरा सहसा जिंकतो. म्हणजे प्रत्येक अदलाबदल पांढऱ्याला जवळ नेते आणि काळ्याला जोडी टिकवून मोहरे पटावर ठेवावे लागतात. जोडी दिली पण बदल्यात जे मिळालं ते कायमचं आहे, उंट आज चांगला उद्या वाईट होऊ शकतो, डबल प्यादी तशी सहजी सुटत नाहीत.

फिशरने १९६६ च्या हवाना ऑलिम्पियाडला हीच लाइन पुन्हा बाहेर काढली आणि जिंकून दाखवली, पण त्याच्याही आधीचा एक गेम आहे तो बघितल्याशिवाय हा विषय कळत नाही.

कुठला गेम? चालीसकट सांगा.

लास्कर विरुद्ध कापाब्लांका, सेंट पीटर्सबर्ग १९१४. स्पर्धेत कापाब्लांका पुढे होता, लास्करला जिंकायलाच हवं होतं, आणि त्याने वजीर लवकर निघून जाणारी ही लाइन निवडली, बघणाऱ्यांना वाटावं की हा ड्रॉ मागतोय. वरच्या सात चाली झाल्यावर असं झालं: 7...Bd6 8.Nc3 Ne7 9.O-O O-O 10.f4 Re8 11.Nb3 f6.

इथपर्यंत काळ्याचे दोन्ही उंट जिवंत आहेत, d फाइल मोकळी आहे, कुणीही म्हणेल जोडी बोलणार. आणि इथे लास्कर 12.f5 खेळतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही चाल चुकीची वाटते, कारण e4 चं प्यादं मागे राहतं आणि e5 चं घर काळ्याला मिळतं. पण c8 च्या उंटाकडे बघा. त्याची c8 ते h3 रेषा f5 वर बंद झाली, आणि दुसरीकडे b7 वरून गेला तर समोर स्वतःचंच c6 प्यादं. शिवाय काळ्याचं f प्यादं f6 ला गेलंय आणि d प्यादं नाहीच, त्यामुळे e6 ला आता कुठलंही काळं प्यादं बघत नाही. म्हणजे एका चालीत उंटाचा रस्ता बंद आणि घोड्याला घर, दोन्ही.

पुढे 12...b6 13.Bf4 Bb7 14.Bxd6 cxd6. लास्करने उरलेला उंट देऊन काळ्याचा चांगला उंट काढून घेतला. काळ्याची डबल प्यादी सुधारली हे खरं, आणि बरेच जण इथे "अरे पण स्ट्रक्चर दुरुस्त करून दिलं की" म्हणतात, पण d6 आता मोकळ्या फाइलवर उभं आहे आणि b7 चा उंट c6 च्या मागे अडकला. c5 खेळून उंट उघडावा तर d5 चं घर घोड्याला कायमचं मिळतं. 15.Nd4 Rad8 16.Ne6 आणि घोडा जाऊन बसला. चौथ्या चालीला दिलेली जोडी सोळाव्या चालीला अशी दिसते, काळ्याकडे एक उंट ज्याला बघायला काही नाही आणि पांढऱ्याकडे एक घोडा ज्याला कुणी हलवू शकत नाही.

यानंतर लास्करने अजिबात घाई केली नाही. g4, h4 करून h फाइल उघडली, हत्ती तिकडे आणले, राजा पुढे घेतला, काळा आपला उंट a8 ला नेतोय परत b7 ला आणतोय. मग 35.e5 dxe5 36.Ne4, म्हणजे एक प्यादं देऊन दुसऱ्या घोड्यासाठी e4 घर मोकळं केलं, आणि b7 चा उंट त्या घोड्याला हात लावू शकत नाही कारण मधे c6 आहेच. 36...Nd5 37.N6c5, इकडे b7 चा उंट तिकडे d7 चा हत्ती, दोन्हीवर घोडा. 37...Bc8 38.Nxd7 Bxd7 39.Rh7 आणि ४२ व्या चालीला काळ्याने सोडलं. शेवटी लास्कर अर्ध्या गुणाने स्पर्धा जिंकला.

मग काळ्याने करायचं काय होतं? जोडी तर त्याच्याकडेच होती.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. तेराव्या चालीला Bb7 च्या ऐवजी 13...Bxf4 14.Rxf4 c5 खेळायला हवं होतं. म्हणजे काळ्यानेच आपल्या हाताने जोडी मोडायची, उंटाला उंट देऊन. काय मिळतं ते बघा, c प्यादं c7 वरच राहतं, d6 ला कमजोरी होत नाही, c5 मुळे b3 च्या घोड्याला d4 मिळत नाही त्यामुळे तो e6 ला पोचायचा रस्ताच बंद, आणि b7 ला येणारा उंट आता मोकळ्या रेषेवर थेट e4 कडे बघतो, जे प्यादं f5 मुळे मागे राहिलंय. एक उंट गेला पण उरलेला उंट जिवंत झाला. जोडी "टिकवायची" म्हणून चांगली अदलाबदल टाळली की उरलेला उंट कोंडला जातो, आणि हे पोरांच्या गेममध्ये सतत दिसतं, दोन्ही उंट पटावर आहेत पण एकाला एकही चाल नाही आणि स्कोअरशीट दाखवून विचारतात की सर जोडी असून हरलो कसा.

Bg5 लावला आणि h6 आलं की मी लगेच f6 चा घोडा मारतो. चूक आहे का?

पुढे काय खेळायचंय ते ठरवलेलं असेल तर नाही. उदाहरण घ्या, लहान मुलांच्या स्पर्धेत प्रत्येक दुसऱ्या बोर्डवर हे असतं: 1.e4 e5 2.Nf3 Nc6 3.Bc4 Bc5 4.d3 Nf6 5.Nc3 d6 6.Bg5 h6 7.Bxf6 Qxf6 8.Nd5 Qd8. डबल प्यादी मिळाली नाहीत, पांढऱ्याला फक्त वेळ मिळाला, वजीर गेला आणि परत घरी आला. हा वेळ लगेच वापरला, म्हणजे 9.c3 करून पुढे d4 ने c5 च्या उंटाला ढकलत मध्य घेतला, तर जोडी देण्यात अर्थ आहे आणि मोठे खेळाडूही ही लाइन खेळलेत. पण मुलं नऊव्या चालीला a3 किंवा h3 खेळतात, काळा Ne7 करून d5 च्या घोड्याला विचारतो, मग c6, मग d5, पोझिशन उघडते आणि पांढऱ्याकडे काळ्या घरांवर उंट नसतो. वेळेच्या बदल्यात दिलेल्या जोडीचा मोबदला चार-पाच चालींत वसूल झाला नाही की तो वसूल होतच नाही. स्ट्रक्चरच्या बदल्यात दिली असेल तर थांबायला वाव असतो, हा फरक फार महत्त्वाचा आहे.

जोडी माझ्याकडे आहे आणि माझं बरं चाललंय, मग मी स्वतःहून कशाला मोडू?

कारण जोडीचा एक मोठा फायदा हाच आहे की कुठला उंट कधी द्यायचा हे तुम्ही ठरवता. समोरच्याचा घोडा पटावरचा एकमेव चांगला मोहरा असेल आणि तुमचा एक उंट त्याला मारू शकत असेल तर मारा, मग त्याच्याकडे काय उरतं ते बघा.

इथे एक हिशोब मात्र करायचा. समजा त्याच्याकडे घोडा आणि पांढऱ्या घरांचा उंट आहे. तुम्ही काळ्या घरांचा उंट देऊन घोडा मारलात तर दोघांकडे पांढऱ्या घरांचे उंट उरतात, लढत चालू राहते. तुम्ही पांढऱ्या घरांचा उंट दिलात तर विरुद्ध रंगाचे उंट उरतात, आणि हत्ती-वजीर निघून गेले की एक प्यादं काय दोन प्यादी जास्त असूनही ड्रॉ होऊ शकतो. म्हणजे तुम्ही पुढे असाल तर दुसरं टाळा, मागे असाल तर मुद्दाम तेच शोधा. वजीर-हत्ती पटावर असताना गणित वेगळं, तिथे विरुद्ध रंगाचे उंट हल्ला करणाऱ्याला मदत करतात, कारण ज्या रंगावर हल्ला चाललाय त्या रंगावर बचावाला उंटच नसतो.

"जाणारा मोहरा नाही, उरणारा मोहरा बघा" असं सगळे म्हणतात, त्याचं एक चांगलं उदाहरण द्या ना.

फिशर विरुद्ध पेट्रोस्यान, ब्यूनोस आयर्स १९७१, सातवा गेम. पंधराव्या चालीला दोघांकडेही दोन-दोन उंट, वजीर गेलेले, मध्य जवळजवळ रिकामा, काळ्याची a6 आणि d5 ही दोन प्यादी एकटी आणि दोन्ही पांढऱ्या घरांवर. फिशर 16.Bc5 आणि 17.Bxe7 करून काळ्या घरांचे उंट काढून टाकतो. का, तर काळ्याकडे आता असा उंट उरतो जो आपल्याच प्याद्यांना राखत बसणार, आणि c5 चं काळं घर सांभाळणारा कुणी उरत नाही. 18.b4 आणि 19.Nc5, घोडा बसला, उंट c8 ला परत गेला a6 राखायला.

पुढचं तर अजून शिकण्यासारखं आहे. 21...Bd7 ने पेट्रोस्यान Bb5 करून तो वाईट उंट बदलायला निघाला, आणि फिशरने 22.Nxd7+ करून आपला तो सुंदर घोडा त्या वाईट उंटासाठी दिला. बघणाऱ्यांना धक्का बसला. पण आता काय उरलं बघा, ओपन पट, दोन्ही बाजूंना प्यादी, फिशरचा d3 चा उंट आणि समोर f6 चा घोडा ज्याला बसायला घर नाही, आणि c फाइल हत्तीला मोकळी. 23.Rc1, 24.Rc7 आणि ३४ चालींत गेम संपला. c5 चा घोडा ठेवला असता तर Bb5 नंतर काळा सुटायच्या मार्गाला लागला असता.

पटावर बाकी काहीच उरलं नाही, फक्त दोन उंट विरुद्ध एक घोडा, तर जिंकता येतं का?

बहुतेक वेळा हो, पण फार लांब. शंभर वर्षांहून जास्त काळ लोक समजत होते की घोडा कोपऱ्याजवळ b2, b7, g2, g7 अशा घरात राजासोबत बसला की ड्रॉ होतो. केन थॉम्पसनने १९८३ ला कॉम्प्युटरवर पूर्ण हिशोब केला तेव्हा कळलं की जिंकता येतं, आणि सगळ्यात अवघड पोझिशनला घोडा पकडायलाच ६६ चाली लागतात. पन्नास चालींचा नियम आहे, त्यामुळे स्पर्धेत याच्यावर भरवसा ठेवू नका, एखादं प्यादं जपून ठेवा.

रॅपिडमध्ये एवढा विचार करायला वेळ नसतो, काय बघायचं?

घोडा मारण्याआधी समोरच्याच्या उरलेल्या उंटाला पुढच्या तीन चालींत कुठल्या घरावर जाता येईल ते बोट न लावता शोधा. एक चांगलं घर सापडलं तर मारू नका. सापडलं नाही तर मारा, आणि मग त्याच्या रेषेवर पुढे येणारी त्याची प्यादी कुठल्याही परिस्थितीत मारून देऊ नका, कारण कोंडलेला उंट सुटतो तो बहुतेक वेळा आपणच मोह होऊन एखादं प्यादं खातो तेव्हा. लास्करच्या गेममध्ये c6 चं प्यादं शेवटपर्यंत जागेवर होतं, त्याला हात लावायची त्याने कधी घाई केली नाही.